जनावराच्या विमा पॉलिसीचं मराठी पान: पैसे कधी मिळत नाहीत आणि जनावर दगावल्यावर काय करायचं

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, त्यामुळं अनेक घरांचा आठवड्याचा खर्च डेअरीच्या पगारावर चालतो. सत्तर हजारांची गाय दगावली तर ते घर वर्षभर मागं जातं. म्हणून विमा काढला जातो. कधी बँकेनं कर्ज देताना सांगितलं म्हणून, कधी योजनेत सरकारचं अनुदान मिळतं म्हणून. पॉलिसी घरी येते ती इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन बसते. ती पिशवी उघडते जनावर मेल्यावरच.

दूध उत्पादकांना, त्यातही चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या बायामाणसांना, वाचून दाखवता येईल असा एकपानी मराठी मजकूर मी तयार करतो. पॉलिसीत शब्द खूप असले तरी क्लेम अडतो तो मोजक्या ठिकाणी. ती ठिकाणं कोणती, ती साध्या मराठीत कशी लिहायची आणि तसं लिहिताना काय बिघडू शकतं, ते इथं सांगतो. घरात शिकलेला मुलगा, सून किंवा डेअरीचा सचिव असेल, तर त्यांना आपल्या माणसांसाठी असं पान स्वतः बनवता येईल.

आधी दोन शब्द

‘क्लेम’ म्हणजे नुकसान झाल्यावर कंपनीकडं केलेली पैशाची मागणी. ‘अपवाद’ म्हणजे ज्या कारणानं जनावर मेलं तर कंपनी पैसे देत नाही ती कारणं. इंग्रजी पॉलिसीत त्यांचा वेगळा भाग असतो, आणि हप्ता घेताना नेमका तोच कुणी वाचून दाखवत नाही.

खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचा गट, त्याच्या आत ते आपलं. अपवाद ही पॉलिसीची चतुःसीमा आहे. ती वाचल्याशिवाय आपण नेमकं काय विकत घेतलं हे कळत नाही.

पंधरा दिवसांची अट: सगळ्यात जास्त फसगत इथं

जनावरांच्या बहुतेक पॉलिसींत एक वाक्य असतं. त्याचं शब्दाला शब्द मराठी केलं तर असं होतं: ‘जोखीम प्रारंभ दिनांकापूर्वी अथवा त्यापासून पंधरा दिवसांच्या आत जडलेल्या रोगामुळे उद्भवलेल्या मृत्यूबाबत दायित्व राहणार नाही.’

अशा वाक्यातून गोठ्यापर्यंत पोचतं ते एवढंच, की ‘पंधरा दिवस झाले की विमा चालू.’ हे चूक आहे. कसं, ते एका उदाहरणानं बघू.

एका संकरित गाईची पॉलिसी १ ऑगस्टला सुरू झाली. विम्याची रक्कम सत्तर हजार. १३ ऑगस्टला गाईला ताप आला, तिनं वैरण सोडली. डॉक्टरांनी येऊन गोचीड तापाचं निदान केलं आणि केसपेपरवर तारीख टाकली. औषधं झाली, पण १९ ऑगस्टला गाय गेली. मालक म्हणतो, पंधरा दिवस तर उलटून गेले. कंपनी म्हणते, आजार तेराव्या दिवशी लागला. अशा वेळी पॉलिसीतलं वाक्य कंपनीच्या बाजूनं उभं राहतं, कारण दिवस मोजायचे ते आजार लागेपर्यंतचे. मरणाची तारीख तिथं कामाची नाही.

तीच गाय ५ ऑगस्टला वीज पडून मेली असती तर ही अट आडवी आली नसती. अट रोगासाठी आहे. वीज, आग, पूर, अपघात यांचं संरक्षण पॉलिसी सुरू झाल्या दिवसापासून असतं.

म्हणून मराठी पानावर मी हे असं लिहितो:

‘पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख छापलेली आहे. तिथून पुढचे १५ दिवस मोजा. या १५ दिवसांत किंवा त्याआधी जनावर आजारी पडलं आणि त्याच आजारानं पुढं कधीही मेलं, तर पैसे मिळत नाहीत. या १५ दिवसांत वीज, आग, पूर, अपघात यानं मेलं, तर पैसे मागता येतात.’

शब्द वाढले, पण ऐकणाऱ्याला आता दिवस मोजता येतात. ‘पुढं कधीही’ हे दोन शब्द काढले तर सगळा गैरसमज परत येतो, म्हणून ते वाचताना थोडं थांबून वाचावेत. आणखी एक, सुरू होण्याची तारीख म्हणजे पॉलिसीवरची तारीख. कानात बिल्ला मारला तो दिवस किंवा एजंटाच्या हातात पैसे दिले तो दिवस वेगळा असू शकतो. मुदत संपायच्या आत, खंड न पडता पॉलिसी पुढं चालू ठेवली तर हे पंधरा दिवस सहसा नव्यानं लागत नाहीत. चार दिवसांचा जरी खंड पडला, तरी मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते. हप्त्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा असं मी सांगतो, ते यासाठीच.

बिल्ला नाही तर क्लेम नाही

कंपनीच्या दृष्टीनं जनावराची ओळख म्हणजे कानातला बिल्ला. रंग, शिंगं, वय हे सगळं पॉलिसीत लिहिलेलं असतं, पण दोन काळ्या म्हशी कागदावर सारख्याच दिसतात. म्हणून नियम कडक आहे. बिल्ला नसेल तर क्लेम नाही.

घोळ होतो तो दोन प्रकारे. पहिला म्हणजे बिल्ला पडतो. दावणीला, गव्हाणीला कान घासतो, बाभळीत अडकतो, कधी कान चिघळला म्हणून घरचेच काढतात. ‘नंतर सांगू’ म्हणून राहून जातं आणि त्याच महिन्यात जनावर जातं. बिल्ला पडल्याचं लक्षात आल्या दिवशीच कंपनीला कळवायचं, नवा बिल्ला मारून घ्यायचा आणि नवा नंबर पॉलिसीवर चढवून तसा कागद मागायचा. नवा बिल्ला मारला पण नंबर पॉलिसीवर चढला नाही, तर कंपनीच्या दफ्तरी ते जनावर परकंच राहतं.

दुसरा घोळ आकड्यांचा. सरकारी नोंदणीचा पिवळा बिल्ला बारा आकडी असतो. काही ठिकाणी विमा कंपनी स्वतःचा वेगळा बिल्लाही मारते. पॉलिसीवर कोणता नंबर आहे ते पाहिल्याशिवाय कळत नाही. बारा आकडे हातानं उतरवताना ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही. पॉलिसी हातात आली की गोठ्यात उभं राहून, एकानं कानातले आकडे मोठ्यानं वाचायचे आणि दुसऱ्यानं पॉलिसीवर बोट ठेवून जुळवायचे. ज्यांना अक्षरं वाचता येत नाहीत त्यांनाही आकडे बहुतेक वाचता येतात, मोबाईलमुळं तर हमखास. म्हणून पानावर हा नंबर मोठ्या आकारात, चार-चार आकड्यांचे गट पाडून लिहावा.

‘हलगर्जी’ या कलमाचं काय करायचं

आतापर्यंतच्या अटी मोजता येणाऱ्या होत्या. हे कलम तसं नाही. मुद्दाम केलेली इजा, दुर्लक्ष, झेपणार नाही एवढं ओझं, अडाणीपणे केलेला उपचार, अशा कारणांनी जनावर मेलं तर पैसे नाहीत, असं त्यात असतं. मुद्दाम इजा म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. ‘दुर्लक्ष’ कुठं सुरू होतं, ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही.

इथं सोपं करणाऱ्यापुढं मोह असतो. ‘झोलाछाप डॉक्टरकडं जाऊ नका’ असं एक वाक्य लिहिलं की काम झालं, असं वाटतं. पण कलम त्याहून मोठं आहे. आपण लहान करून लिहिलं तर वाचणारा समजतो की तेवढं सांभाळलं की आपण सुटलो. मी इथं दोन ठोस उदाहरणं देतो आणि पुढं खरं काय ते उघड लिहितो:

‘जनावर आजारी असून डॉक्टरला दाखवलं नाही, किंवा शिक्षण नसलेल्या माणसाकडून सुई मारून घेतली, तर कंपनी पैसे नाकारू शकते. अशी आणखीही कारणं कंपनी दाखवू शकते. म्हणून जनावर आजारी पडलं की डॉक्टरला बोलवा आणि तारखेचा कागद मागून घ्या.’

डॉक्टर येऊन गेले हे शेजाऱ्यांना माहीत असतं, पण कंपनीला कागद लागतो. केसपेपर, औषधाची चिठ्ठी, जे मिळेल ते.

लसीकरणाचंही तसंच. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकत या रोगांचं संरक्षण अनेक पॉलिसींत ‘वेळेवर लस दिलेली असेल तर’ या अटीवर असतं. पावसाळ्याआधी दवाखान्याची माणसं येऊन लस देऊन जातात, नोंद मात्र त्यांच्याकडं राहते. लस टोचली त्याच दिवशी आपल्याकडं तारीख लिहून घ्यावी आणि नोंदीत आपल्या जनावराचा बिल्ला नंबर आला का ते विचारावं.

राहिलेले अपवाद थोडक्यात. चोरी, हरवणं, कत्तल यांचे पैसे नाहीत. दुधाचं म्हणून विमा काढलेलं जनावर दुसऱ्याच कामाला लावलं तर अडचण. आणि जिवंत असलेलं जनावर कायमचं आटलं किंवा गाभण राहीना, तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि त्यात साधारण विमा रकमेच्या ७५ टक्के मिळतात. म्हणजे सत्तर हजारांच्या गाईला ५२,५०० रुपये. हे जादा संरक्षण घेतलं आहे की नाही, हे पानावर ‘घेतलं आहे’ किंवा ‘घेतलं नाही’ असं स्पष्ट लिहावं.

रात्री तीन वाजता काय करायचं

पॉलिसीत क्लेमच्या अटी कंपनीच्या सोयीनं लिहिलेल्या असतात. आधी नोटीस, मग पुरावे, मग कंपनीचे हक्क. गोठ्यात जनावर पडलेलं असताना माणसाला घड्याळाप्रमाणं काय करायचं ते हवं असतं. म्हणून पानाची मागची बाजू मी पूर्णपणे या क्रमानं लिहितो.

सगळ्यात वर, ठळक: ‘पुरू नका. उचलून देऊ नका. कान कापू नका. बिल्ला काढू नका.’ हे चार नकार पहिल्यांदा, कारण एकदा केलं की परत फिरवता येत नाही. कंपनीला मेलेलं जनावर पाहायची संधी द्यायची असते, आणि बिल्ला कानात असताना पाहिला गेला पाहिजे.

मग फोटो. एक पूर्ण जनावराचा, एक तोंडाचा आणि एक कानाचा, ज्यात बिल्ल्याचे आकडे वाचता येतील असा. जनावर हलवायच्या आधी.

मग फोन. पॉलिसीवरचा कंपनीचा नंबर, तो लागत नसेल तर ज्या शाखेतून किंवा ज्या माणसाकडून पॉलिसी घेतली तो. कळवण्याची मुदत पॉलिसीत असते. बहुतेक ठिकाणी ‘ताबडतोब’ असा शब्द असतो. पानावर मी ‘उजाडायच्या आत, उशिरात उशिरा सकाळी’ असं लिहितो. कुणाशी बोललो त्याचं नाव, वेळ आणि तक्रार नंबर लिहून घ्यायचा. फोनबरोबर एक मेसेजही पाठवावा, म्हणजे कळवल्याची तारीख-वेळ मोबाईलमध्ये राहते.

सकाळी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं. डॉक्टर येऊन पोस्टमार्टम करतात, मरणाचं कारण लिहितात आणि दाखला देतात. त्यांनी लिहिलेला बिल्ला नंबर तिथल्या तिथं कानाशी जुळवून घ्यायचा. पॉलिसी, उपचाराचा कागद आणि पोस्टमार्टमचा कागद, या तिन्हींवर एकच नंबर हवा. नंतर चूक सापडली तर दुरुस्तीसाठी दवाखान्यात खेपा घालाव्या लागतात, आणि तेवढ्यात कंपनीचं ‘नंबर जुळत नाही’ असं पत्र येतं.

‘पोस्टमार्टमशिवाय पैसे नाहीत’ असं मात्र पानावर लिहू नये. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळं रक्त आलं, तर डॉक्टरांना काळपुळीची शंका येते. असं जनावर फाडायचं नसतं. फाडलं तर रोगाचे जंतू जमिनीत पसरून वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही धोका असतो. तिथं डॉक्टर फक्त रक्ताचा नमुना घेतात आणि तसा दाखला देतात. पानावर ‘पोस्टमार्टम करायलाच पाहिजे’ असं असेल तर घाबरलेला मालक कुणाकडून तरी जनावर फाडून घेईल. म्हणून वाक्य असं: ‘डॉक्टर येतील. पोस्टमार्टम करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. कागद मात्र घ्यायचाच.’

डॉक्टरांचं आणि कंपनीच्या माणसाचं काम झाल्यावर बिल्ला काढून कंपनीला द्यायचा आणि मगच जनावर पुरायचं. पुढं भरलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, दाखला, उपचाराचे कागद, फोटो, बिल्ला, पासबुकाची झेरॉक्स एवढं द्यायचं. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आपल्याकडं ठेवायची आणि दिल्याची पोच घ्यायची.

जनावर कर्जावर घेतलं असेल तर पॉलिसीवर बँकेचंही नाव असतं, आणि पैसे आधी कर्जखात्याकडं जातात. हे आधी सांगितलं नाही तर ‘सत्तर हजार मंजूर झाले, माझ्या हातात वीसच आले’ म्हणून घरात एजंटाला शिव्या बसतात.

समजलं की नाही, हे कसं ओळखायचं

वाचून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे मान हलवतात. कमी शिकलेलं माणूस चारचौघांत ‘नाही’ म्हणत नाही. म्हणून मी प्रसंग देतो. ‘मावशी, समजा आज संध्याकाळी धार काढताना दिसलं की म्हशीच्या कानात बिल्ला नाही. तुम्ही काय कराल?’

एका गावात यावर उत्तर आलं, ‘शोधीन की. सापडला तर सुईदोऱ्यानं परत लावीन.’ पान वाचून झालेलं होतं, मावशी हुशार होत्या, तरी उत्तर असं आलं, कारण पानावर ‘बिल्ला गहाळ झाल्यास कळवावे’ एवढंच होतं. सापडलेला बिल्ला परत लावायचा नाही, हे कुठंच नव्हतं. ते वाक्य आम्ही तिथंच घातलं: ‘पडलेला बिल्ला सापडला तरी स्वतः लावू नका. तो जपून ठेवा आणि कंपनीला फोन करा.’ पानातली बरीच कामाची वाक्यं अशाच उत्तरांतून आलेली आहेत.

‘कोर्टात इंग्रजीच चालणार, मग हे पान कशाला?’

हा आक्षेप बरोबर आहे, आणि पानाच्या पहिल्या ओळीतच त्याचं उत्तर हवं: ‘हे पान समजण्यासाठी आहे. वाद झाला तर मूळ पॉलिसी धरली जाईल.’ म्हणून प्रत्येक वाक्यापुढं मूळ पॉलिसीतल्या कलमाचा नंबर लिहावा. आईला नंबराची गरज नाही, पण उद्या कागद घेऊन वकिलाकडं किंवा पुतण्याकडं गेलं तर त्याला दोन मिनिटांत मूळ वाक्य सापडतं. कंपन्यांची कलमं थोडीफार वेगळी असतात, म्हणून एका पॉलिसीचं पान दुसऱ्या पॉलिसीला लावू नये.

मराठी कागद मागायला जागाही आहे. पॉलिसी सूक्ष्म विमा, म्हणजे गोरगरिबांसाठीचा कमी रकमेचा विमा म्हणून विकलेली असेल, तर विमा नियामकाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणं ती ग्राहकाला समजेल अशा स्थानिक भाषेत द्यायची होती, आणि ते शक्य नसेल तर निदान स्थानिक भाषेत तपशीलवार माहिती द्यायची होती. त्या नियमांच्या जागी २०२४ साली नवे नियम आले, म्हणून आपली पॉलिसी त्या प्रकारची आहे का आणि आता मराठीत काय मिळेल, हे शाखेत विचारावं.

‘अंगठा दिला म्हणजे सगळं मान्य केलं ना?’

तसं सरसकट नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली मॉडर्न इन्सुलेटर्सच्या प्रकरणात म्हटलं की अपवादाचं कलम विमाधारकाला कळवलंच नसेल, तर कंपनीला त्याचा आधार घेता येत नाही. पण कळवलं नव्हतं हे पुढं मांडावं लागतं, आणि तोवर गोठा रिकामाच असतो. पॉलिसी मिळाल्या दिवशी ‘मला फक्त हे पहिलं पान मिळालं, अटींचा कागद मिळाला नाही, तो द्यावा’ असा साधा अर्ज देऊन पोच घेतली, तर तो अर्ज पुढं कामाला येतो.

क्लेम नाकारला तर

तोंडी नकार घेऊ नये. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागावं आणि मराठी पानावरचा कलमाचा नंबर त्याच्याशी जुळवून पाहावा. पत्रात ‘पंधरा दिवसांच्या आत’ असं असेल तर केसपेपरवरची आजाराची तारीख बघायची. ‘बिल्ला जुळत नाही’ असं असेल तर तिन्ही कागद शेजारी ठेवायचे. आपलं म्हणणं बरोबर वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं जाता येतं. सातारा आणि सांगली जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतात. तिथं फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला असतो, मात्र एकच वाद दोन्हीकडं एकाच वेळी चालवता येत नाही. तक्रारीसोबत जोडायचे कागद तेच: पॉलिसी, केसपेपर, पोस्टमार्टमचा दाखला किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फोटो, आणि रात्री पाठवलेला तो मेसेज.